रफ कटची लिंक: क्लायंटचा शेरा थेट त्याच सेकंदावर कसा आणायचा

“ते मधे काहील दिसती बघा, तिथं जरा कमी करा. आणि म्युझिक पण बघा जरा.”

कोल्हापुरात एडिटिंगचं काम करणाऱ्या कुणालाही असा मेसेज नवा नाही. गुऱ्हाळावरच्या तीन मिनिटांच्या फिल्ममध्ये काहील जवळपास प्रत्येक दुसऱ्या शॉटमध्ये असते. त्यातली कुठली? आणि कमी करा म्हणजे काय, शॉट छोटा करायचा, काढून टाकायचा, की उकळण्याचा आवाज कमी करायचा? तुम्ही उलट विचारता. उत्तर येईपर्यंत पुण्यातला पुतण्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकतो, त्याखाली कुणीतरी गुड मॉर्निंग पाठवतं आणि मूळ प्रश्न वर वाहून जातो.

यावर रिव्ह्यू लिंक हा इलाज आहे. क्लायंट लिंक उघडतो, व्हिडिओ पाहतो, खटकलं तिथं थांबवून लिहितो आणि त्याचा शेरा त्या सेकंदाला चिकटतो. पण नुसती लिंक पाठवली म्हणून हे होत नाही. क्लायंटच्या स्क्रीनवरचं घड्याळ आणि तुमच्या टाइमलाइनवरचं घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच राहिलं, तरच त्या शेऱ्याला अर्थ. खालची बरीचशी खटपट त्यासाठीच आहे.

उदाहरणाला करवीर तालुक्यातल्या एका गूळ करणाऱ्या कुटुंबाची फिल्म घेऊ. ऑनलाइन विक्रीसाठी बनवलेली, लांबी तीन मिनिटं चार सेकंद. पाहणारे तिघं: गुऱ्हाळाचे मालक अण्णा, विक्री सांभाळणारा त्यांचा मुलगा आणि पुण्यात मार्केटिंगमध्ये असलेला पुतण्या. तिघांची मतं वेगळी आणि फोनही वेगळे.

साधन कुठलं घ्यायचं

यावर फार वेळ घालवू नका. फ्रेम.आयओ बरंच वापरलं जातं. २०२१ मध्ये अ‍ॅडोबीनं ते विकत घेतलं, त्यामुळे प्रीमियरमध्ये त्याचं पॅनल मिळतं आणि दा विंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीशीही ते जोडता येतं. ड्रॉपबॉक्स रिप्ले हा दुसरा चांगला पर्याय. दोन्हीकडे शेरा लिहिण्यासाठी क्लायंटला खातं उघडायला लावावं लागत नाही आणि आपल्याकडे हाच मुद्दा निर्णायक आहे. “आधी साइन अप करा” म्हटलं की अण्णा फोन खाली ठेवणार.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर यूट्यूबवर अनलिस्टेड व्हिडिओ टाकता येतो. कमेंटमध्ये `1:14` असं लिहिलं की ते आपोआप त्या वेळेला नेणारं बटण होतं. पण वेळ क्लायंटनं हातानं टाइप करायची, व्हिडिओ प्रायव्हेट ठेवला तर कमेंटच बंद, आणि दुरुस्त केलेली फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. तात्पुरतं लावलेलं कुणाचं गाणं असेल तर कॉपीराइटचा दावाही येऊ शकतो. एकाच फेरीचं छोटं काम असेल तर चालेल, त्यापुढे नाही.

एक्स्पोर्ट: घड्याळ इथंच जुळतं किंवा बिघडतं

रिझॉल्व्हमध्ये नवी टाइमलाइन `01:00:00:00` पासून सुरू होते. रिव्ह्यू लिंकवरचा प्लेअर मात्र शून्यापासून मोजतो. त्यामुळे क्लायंटचं 01:14 म्हणजे तुमच्याकडे एक तास, एक मिनिट, चौदा सेकंद. डोक्यात वजाबाकी करता येते, पण दिवसभर कशाला करायची? मीडिया पूलमध्ये टाइमलाइनवर राइट क्लिक करा, `Timelines` मधून `Starting Timecode` उघडा आणि `00:00:00:00` करून टाका. प्रीमियरचा सीक्वेन्स मुळातच शून्यापासून सुरू होतो, तिथं हा प्रश्न नाही.

मग सुरुवात स्वच्छ ठेवा. काहीजण पुढं पाच सेकंद काळा पडदा किंवा आपल्या स्टुडिओची पाटी लावून पाठवतात. ती टाइमलाइनवर नसेल आणि फक्त एक्स्पोर्टमध्ये जोडली असेल, तर प्रत्येक शेरा पाच सेकंदांनी सरकतो. पाटी हवीच असेल तर ती टाइमलाइनवरच ठेवा आणि शेवटपर्यंत हलवू नका.

फ्रेम रेटही टाइमलाइनचाच ठेवा. आपली गुळाची फिल्म २५ फ्रेमची आहे. एक्स्पोर्ट चुकून ३० चा झाला तरी डोळ्यांना फरक कळत नाही आणि सेकंदही जुळलेले दिसतात. घोळ नंतर होतो, शेरे मार्कर म्हणून परत आणताना, कारण तिथं हिशेब फ्रेमच्या क्रमांकावर होऊ शकतो. 01:14 म्हणजे ७४ सेकंद. २५ च्या हिशेबानं ती १८५० वी फ्रेम. हीच १८५० वी फ्रेम ३० च्या हिशेबानं मोजली तर ६१ सेकंदांच्या पुढं पडते. शेरा बारा सेकंद मागं गेला, म्हणजे भलत्याच शॉटवर. सगळे मार्कर सुरुवातीला थोडे आणि शेवटाकडे जास्त चुकलेले दिसले तर कारण फ्रेम रेट. सगळे सारख्याच अंतरानं चुकलेले असतील तर सुरुवातीची पाटी किंवा स्टार्टिंग टाइमकोड.

आता सगळ्यांत कामाची गोष्ट: चित्रावरच टाइमकोड छापा. रिझॉल्व्हमध्ये `Workspace` मेनूत `Data Burn-In` आहे. प्रीमियरमध्ये एक्स्पोर्टच्या `Effects` भागात `Timecode Overlay` मिळतं. प्लेअरवर वेळ दिसत असताना हे कशाला, असं वाटेल. पण कितीही सांगितलं तरी कुणीतरी स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारच, कुणीतरी फोन करून “आत्ता पडद्यावर बघा” म्हणणारच. चित्रावर आकडा असला की त्या स्क्रीनशॉटलाही वेळ चिकटलेली असते. आकडा वरच्या बाजूला ठेवा, खालची जागा सबटायटलना लागते. सोबत बारीक अक्षरात “रफ कट १, म्युझिक तात्पुरतं” असं लिहा. फाइल फिरत फिरत कुणाकडे गेली तरी ती पक्की नाही हे कळतं.

बाकी एच.२६४, १०८०पी, १० एमबीपीएसच्या आसपास पुरे. आपली तीन मिनिटांची फाइल सव्वादोनशे एमबीच्या घरात जाते. त्यापेक्षा मोठी पाठवून उपयोग नाही, कारण लिंकवरचं साधन स्वतःच त्याच्या हलक्या प्रती बनवतं आणि नेट कमी असेल तिथं हलकी प्रत दाखवतं. गुऱ्हाळावर बसून मोबाइल डेटावर पाहणाऱ्या अण्णांना चित्र थोडं मऊ दिसलं, तर त्यावरून फोकसबद्दलचे शेरे गंभीरपणे घेऊ नका. आधी त्यांना प्लेअरमध्ये क्वालिटी वाढवून पाहायला सांगा.

फाइलच्या नावात आवृत्ती ठेवा: `Gul_RC1.mp4`, पुढची `Gul_RC2.mp4`. `final`, `final2`, `final_pakka` हा मार्ग आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

लिंकची सेटिंग

अपलोड झाल्यावर लिंक बनवताना चार गोष्टी बघा. शेरे लिहिण्याची परवानगी चालू. डाउनलोड बंद, नाहीतर टाइमकोड छापलेली रफ कट दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्टेटसवर दिसते. जुन्या आवृत्त्या क्लायंटला दिसू द्यायच्या की फक्त ताजी, हेही ठरवा. माझ्या मते पहिल्या दोन फेऱ्यांत फक्त ताजी दाखवावी. पासवर्ड आणि मुदत या सोयी बऱ्याचदा पैसे भरलेल्या योजनेतच मिळतात. लॉंच व्हायच्या आधीच्या उत्पादनाची फिल्म असेल तर त्यासाठी पैसे मोजणं परवडतं, लग्नाच्या हायलाइटसाठी गरज नाही.

पाठवण्याआधी ती लिंक स्वतःच्या फोनवर, ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा. लॉगिन केलेल्या लॅपटॉपवर सगळं नेहमीच व्यवस्थित दिसतं. क्लायंटला परवानगी मागणारा पडदा येतो का, हे फक्त असंच कळतं.

लिंकसोबत काय लिहायचं

लिंक जाणार व्हॉट्सअ‍ॅपवरच, त्याला विरोध करू नका. फक्त उत्तर तिथं येऊ नये एवढं बघायचं. मेसेज असा:

“अण्णा, नमस्कार. फिल्मचा पहिला कट खालच्या लिंकवर आहे. एकदा न थांबता पूर्ण बघा. दुसऱ्यांदा बघताना जिथं बदल पाहिजे तिथं आधी व्हिडिओ थांबवा, मग खालच्या चौकोनात लिहा. नाव विचारलं तर आपलं नाव टाका. म्युझिक आणि रंग अजून पक्के नाहीत, त्यावर आत्ता लिहू नका. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिघांचंही लिहून झालं तर सोमवारी दुसरा कट देतो.”

यातलं एकेक वाक्य कारणानं आहे. पहिल्यांदा न थांबता बघायला सांगितलं नाही, तर लोक दहाव्या सेकंदाला लिहायला सुरुवात करतात आणि चाळिसाव्या सेकंदाला त्यांच्याच शंकेचं उत्तर फिल्ममध्ये मिळतं. “आधी थांबवा” हे सांगितलं नाही, तर माणूस शेवटपर्यंत बघून एकाच शेऱ्यात सगळं लिहितो आणि ते सगळं 03:04 ला चिकटतं. सगळ्या शेऱ्यांवर शेवटचीच वेळ दिसली की समजायचं, हे झालंय. अशा वेळी चिडून परत लिहायला लावू नका. त्याला फोन लावा, तो सांगेल तसं तुम्हीच त्या त्या जागी त्याच्या नावानं शेरा टाका: “अण्णा, फोनवर: …”. पुढच्या वेळी तो स्वतः लिहितो, कारण आपलं म्हणणं कुठं बसतं हे त्यानं पाहिलेलं असतं. व्हॉइस नोटचंही तेच करायचं.

मराठी टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डच्या कीबोर्डवरचं माइकचं बटण दाखवून द्या. मराठी बोललेलं बऱ्यापैकी उमटतं आणि शेऱ्यांच्या चौकोनात देवनागरी बिनतक्रार चालते. वयस्कर क्लायंटचे सगळ्यांत नेमके शेरे मला असे बोलूनच मिळाले आहेत.

आलेले शेरे वाचताना

आता गुळाच्या फिल्मवर काय आलं ते बघू.

अण्णांचा शेरा 01:14 ला: “हे आधी पाहिजे. पाक घट्ट झाल्यावर मळी कुठनं येणार?” हा सोन्यासारखा शेरा. रस तापताना भेंडीचं चिकट पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून घेतात आणि नंतर रस आटत आटत पाकाला येतो. एडिटमध्ये झाऱ्याचा क्लोजअप छान दिसतो म्हणून तो दाट बुडबुड्यांच्या नंतर लावला होता. गूळ करणाऱ्याला ती चूक लगेच दिसणार आणि गूळ ओळखणाऱ्या गिऱ्हाइकालाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हाच शेरा “मळीचं बरोबर नाही” एवढाच आला असता.

पुतण्याचा शेरा 00:31 ला: “हा शॉट हलतोय.” पण 00:31 ला धुराड्याचा ट्रायपॉडवरचा शॉट आहे, तो ढिम्म हलत नाही. हलतोय तो त्याच्या आधीचा, उसाच्या फडावरचा ड्रोन शॉट, 00:30 ला संपणारा. माणसाला खटकतं, मग बोट बटणाकडे जातं, तोवर एखाद-दोन सेकंद निघून जातात. म्हणून शेरा आणि चित्र जुळत नसेल तर आधी दोन सेकंद मागं जाऊन बघा. बहुतेक वेळा तिथं सापडतं. तरीही शंका राहिली तर त्याच शेऱ्याखाली “फडावरचा ड्रोन शॉट म्हणताय ना?” असं विचारा, नवीन मेसेज करू नका.

मुलाचा शेरा 02:20 ला: “गूळ फारच लाल दिसतोय.” रंगावर लिहू नका सांगूनही हा आला आणि येणारच होता. पिवळसर गुळाला बाजारात मागणी असते, रंगावर भाव ठरतो, त्यामुळे त्याचं लक्ष तिथंच जाणार. इथं लगेच कलर पॅनल उघडू नका. त्याखाली विचारा, कुठल्या फोनवर आणि किती वाजता पाहिलं? रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून बरेच फोन पडदा पिवळट-तांबूस करतात. तो मोड बंद करून किंवा लॅपटॉपवर पुन्हा बघायला सांगा. तरीही लाल दिसला तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स तपासा. चुलवाणाच्या जाळाशेजारी घेतलेले शॉट तांबडे येतात, तेव्हा तक्रार खरी असण्याची शक्यता बरीच असते.

आणि 00:12 ला जुंपली होती. ऊसतोडीचा शॉट अण्णांना ठेवायचा होता, पुतण्याला काढायचा होता, “रील आहे ती, पहिल्या तीन सेकंदांत गूळ दिसला पाहिजे.” आपण मधे पडायचं नाही. एकच ओळ लिहायची: “दोघांनी एक ठरवून इथंच लिहा, ठरेपर्यंत शॉट आहे तसा ठेवतो.” काम घेतानाच अंतिम शब्द कुणाचा हे विचारून ठेवलं असेल तर हा प्रश्न लवकर मिटतो.

लिंक कशासाठी उपयोगी नाही, तेही इथंच सांगतो. “एकूण मजा येईना” या भावनेला टाइमकोड नसतो. असा शेरा आला की फोन उचला, पंधरा मिनिटं बोला. ढाचाच पटलेला नसताना क्लायंटकडून सेकंदासेकंदाचे शेरे लिहून घेतले तर दुसऱ्या कटात ते सगळे वाया जातात.

शेरे टाइमलाइनवर आणणं आणि बदल करणं

प्रीमियरमध्ये फ्रेम.आयओच्या पॅनलमध्ये शेऱ्यावर क्लिक केलं की प्लेहेड तिथं जातो. रिझॉल्व्ह स्टुडिओत शेरे मार्कर म्हणून टाइमलाइनवर येतात. फुकटच्या रिझॉल्व्हवर असाल तर शेरे ईडीएल फाइल म्हणून उतरवून घ्या, मग टाइमलाइनवर राइट क्लिक, `Timelines`, `Import`, `Timeline Markers from EDL`. तेही जमत नसेल तर दहा-पंधरा शेरे हातानं मार्कर टाकायला फार वेळ लागत नाही.

बदल करण्याआधी टाइमलाइनची प्रत काढा. मूळ प्रतीला `RC1` नाव देऊन बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. काम `RC2` वर. कारण असं: मळीचा शॉट 01:12 ते 01:16 असा चार सेकंदांचा आहे. तो उचलून 00:55 ला नेला की 00:55 ते 01:12 मधलं सगळं चार सेकंद पुढं सरकतं. म्हणजे क्लायंटनं 01:05 ला लिहिलेला शेरा आता 01:09 ला लागू होतो. 01:16 च्या पुढचं जागेवरच राहतं. एखादा शॉट नुसताच काढला असता तर त्यापुढचं शेवटपर्यंत सगळं हललं असतं.

त्यामुळे शेरे शेवटाकडून सुरुवातीकडे हाताळायचे. आधी 02:41, मग 02:20, मग 01:14, असं मागं येत जायचं. शेवटाकडच्या भागात केलेली काटछाट सुरुवातीकडच्या वेळा बिघडवत नाही. फक्त मळीसारखा शॉट उचलून सुरुवातीकडे नेला तर मधल्या वेळा सरकतात, तेवढं लक्षात ठेवायचं. प्रीमियरमध्ये `Markers` मेनूत `Ripple Sequence Markers` चालू ठेवलं तर मार्करही कापाबरोबर सरकतात. तरी उलट्या क्रमाची सवय जास्त भरवशाची आहे आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते. गोंधळ उडालाच तर `RC1` उघडून मूळ जागा बघायची.

शेऱ्यावर “झालं” अशी खूण मात्र एडिट करताना लगेच करू नका. क्लायंटला ती खूण दिसते, तो उत्साहानं लिंक उघडतो आणि तिथं जुनाच कट असतो. मग “झालं म्हणताय, दिसत तर नाही” असा फोन. `RC2` चढवल्यावरच एकेक खूण करा. जे करणार नाही त्याखाली कारण लिहा: “हा शॉट दुसऱ्या अँगलनं घेतलेला नाही, पर्याय नाही.” खूणही नाही आणि उत्तरही नाही, असा एकही शेरा ठेवू नका, दुसऱ्या फेरीत नेमका तोच परत येतो.

दुसरा कट आणि पिक्चर लॉक

`RC2` नवीन लिंकनं पाठवू नका. पहिल्याच फाइलवर नवी आवृत्ती म्हणून चढवा. फ्रेम.आयओमध्ये नवी फाइल जुनीवर ओढून सोडली की दोघींचा गठ्ठा होतो, लिंक तीच राहते आणि जुने शेरे जुन्या आवृत्तीपाशी राहतात. गरज पडली तर दोन्ही कट शेजारी शेजारी लावून दाखवता येतात. “मी हे सांगितलंच नव्हतं” या वादाला तिथंच उत्तर मिळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज छोटा: “लिंक तीच आहे, नवीन कट चढवलाय. फक्त बदललेल्या जागा बघा.” आणि त्या जागांच्या वेळा नव्या कटाप्रमाणे लिहा, जुन्या नाही.

कोटेशनमध्येच दोन फेऱ्या लिहून ठेवाव्यात. तिसरीपासून वेगळा आकार. शेरे लिंकवर असल्यानं कुठला बदल पहिल्या फेरीतला आणि कुठला नवा, हे तारखेसकट दिसतं, त्यामुळे ही बोलणी अवघड जात नाहीत.

दुसऱ्या फेरीनंतर अंतिम शब्द ज्याचा, त्याच्याकडून लिंकवरच “शॉट आणि क्रम मंजूर” असं लिहून घ्या. मगच कलर आणि साउंडला बसा. लॉक झाल्यावर कुणी शॉट बदलायला सांगितलं तर म्युझिकचे ठोके आणि सबटायटल पुन्हा बसवावे लागतात, हे मंजुरी घेतानाच सांगून ठेवा. शेवटची फाइल गेली की शेऱ्यांची यादी उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका आणि लिंक बंद करा. नाहीतर सहा महिन्यांनी पुतण्या एखाद्या व्यापाऱ्याला टाइमकोड छापलेला पहिलाच कट फॉरवर्ड करतो.